पोस्टचा मासिक अहवाल: रीलची तुलना रीलशी, फोटोची फोटोशी

मावशीचा कोल्हापुरात मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे आणि तिच्या इन्स्टाग्राम खात्याचा हिशेब मी ठेवतो. सुरुवातीला माझा मासिक अहवाल म्हणजे लाइक्सच्या उतरत्या क्रमाने लावलेली यादी असायची. वर पाच पोस्ट हिरव्या, खाली पाच लाल. जून 2025 मध्ये त्या यादीत एक रील पहिली आली. दुसरा आला मावशीचा नऊवारीतला, वडाला दोरा गुंडाळतानाचा वटपौर्णिमेचा फोटो, 310 लाइक्स. पावसाळ्यात कांदा-लसूण मसाला कसा साठवायचा हे सहा चित्रांत सांगणाऱ्या कॅरोसेलला मिळाले 74 लाइक्स, म्हणजे वीस पोस्टमध्ये सोळावा नंबर. पण ते कॅरोसेल 91 जणांनी सेव्ह केलं होतं आणि वटपौर्णिमेचा फोटो फक्त दोघांनी.

यादी चुकीची नव्हती, ती चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत होती. रील, कॅरोसेल आणि एकेरी फोटो वेगवेगळ्या लोकांपुढे जातात आणि त्यांच्याकडून वेगवेगळ्या गोष्टी होतात. तिघांना एकाच रांगेत उभं केलं की अहवालातून निघणारा निर्णयही चुकतो. ही चूक मी आजही अनेक छोट्या खात्यांच्या अहवालांत बघतो, म्हणून सगळी पद्धत क्रमाने लिहितो आहे. उदाहरणातले आकडे मावशीच्या शीटमधले, समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेले आहेत.

लागणाऱ्या गोष्टी: इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं (बिझनेस किंवा क्रिएटर, साध्या खात्यात हे आकडे दिसतच नाहीत), संगणकावर मेटा बिझनेस सूट, एक गूगल शीट आणि दर सोमवारी पंधरा मिनिटं.

## 1. शीट उघडण्याआधी प्रत्येक प्रकाराचं काम लिहून काढा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग शेवटी "रील चांगली की कॅरोसेल" या वादात अडकतात. एका कागदावर तीन ओळी लिहा. आमच्या अशा आहेत:

- रील: आपल्याला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोचणं. बघायचे आकडे: रीच, म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोचली, आणि फॉलो.
- कॅरोसेल: उपयोगी माहिती, जी लोक ठेवून घेतील किंवा घरच्यांना पाठवतील. बघायचे आकडे: सेव्ह आणि शेअर.
- एकेरी फोटो: जुन्या गिऱ्हाइकांशी ओळख टिकवणं. बघायचे आकडे: लाइक आणि कमेंट.

तुमच्या खात्यात ही वाटणी वेगळी असू शकेल. कपड्यांचं दुकान असेल तर एकेरी फोटोवरच भावाची चौकशी येते, तेव्हा तिथे फोटोचं काम विक्रीचं आहे. काम काहीही ठरो, ते आकडे बघण्याआधी ठरलं पाहिजे. आकडे बघून काम ठरवलं की जो आकडा मोठा दिसतो तोच महत्त्वाचा वाटायला लागतो.

स्टोरी या अहवालात घेऊ नका. ती 24 तासांत निघून जाते आणि तिचे आकडे (पुढे सरकवणं, बाहेर पडणं, उत्तरं) बाकी प्रकारांत नाहीतच. तिच्यासाठी वेगळं पान ठेवा.

## 2. आकडे महिन्याच्या शेवटी नाही, दर सोमवारी घ्या

सगळ्यात जास्त अहवाल इथे बिघडतात. समजा तुम्ही 1 जुलैला बसून जूनचे सगळे आकडे एकदम उतरवले. 2 जूनच्या पोस्टला तोपर्यंत 29 दिवस मिळालेत आणि 29 जूनच्या पोस्टला दोन. फोटोचं बरंचसं काम पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकतं, पण रील आठवडे-आठवडे नव्या लोकांपुढे येत राहते. म्हणजे महिन्याच्या शेवटी टाकलेली रील त्याच वेळी टाकलेल्या फोटोपेक्षा जास्त मार खाते, आणि अहवालात "शेवटच्या आठवड्यात रील्स पडल्या" असा नसलेला कल दिसायला लागतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पोस्टचे आकडे ती साधारण सारख्याच वयाची असताना एकदाच घ्यायचे. आम्ही मध्ये एक आठवडा सोडून मोजतो. सोमवार 16 जूनला बसलो की 2 ते 8 जून या सोमवार-रविवारच्या पोस्ट उतरवायच्या. त्या वेळी त्या 8 ते 14 दिवसांच्या असतात. पुढच्या सोमवारी, 23 जूनला, 9 ते 15 जूनच्या. असं केल्यावर जूनची शेवटची पोस्ट (30 जून, सोमवार) 14 जुलैला मोजली जाते आणि अहवाल त्या दिवशी पुरा होतो. दोन आठवडे उशीर होतो खरा, पण आकडे एका मापाचे असतात.

मेटा बिझनेस सूटमध्ये `Insights` आणि त्याखाली `Content` उघडा, तारखा निवडा आणि `Export data` करा. कालावधीचा पर्याय विचारला तर `Lifetime` घ्या, म्हणजे पोस्ट टाकल्यापासून आजपर्यंतचा आकडा येतो. मेटा बटणांच्या जागा अधूनमधून बदलते, पण पाठोपाठ येणारे हे तीन शब्द शोधलेत की रस्ता सापडतो.

जपून: फाईलमधली `Publish time` भारतीय वेळेत आहे असं गृहीत धरू नका. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची असू शकते, म्हणजे जूनमध्ये आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. 1 जूनला सकाळी नऊला टाकलेली पोस्ट तिथे 31 मे रात्री साडेआठची दिसते आणि जूनच्या हिशेबातून गळते. म्हणून तारखा निवडताना दोन्ही टोकांना एकेक दिवस जास्त घ्या आणि शीटमध्ये वेळ B रकान्यात असेल तर एका मोकळ्या रकान्यात ती अशी दुरुस्त करा:

```
=B2+TIME(12,30,0)
```

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा 12 च्या जागी 13 लिहा.

तपासा: टाकल्याची वेळ पक्की आठवते अशी एक पोस्ट घ्या आणि दुरुस्त केलेली वेळ तिच्याशी जुळते का ते बघा. जुळली तर बाकीच्यांचीही बरोबर आहे. मुळातच भारतीय वेळ आली असेल तर हे सूत्र लावू नका.

अजून एक बारीक गोष्ट. 8 आणि 14 दिवस यांतही फरक आहेच. तुम्ही रील नेहमी रविवारी आणि कॅरोसेल नेहमी सोमवारी टाकत असाल, तर रीलला दर वेळी सहा दिवस कमी मिळतात. अशा वेळी एक तर वार फिरवत राहा, नाहीतर प्रत्येक पोस्ट तिच्या दहाव्या दिवशी फोनवर उघडून आकडे हाताने लिहा. महिन्याला वीस-बावीस पोस्ट असतील तर ते जमण्यासारखं आहे.

## 3. फाईल साफ करा आणि रकाने लावा

मेटाकडून उतरवलेली सीएसव्ही फाईल थेट एक्सेलमध्ये उघडली तर दोन गोष्टी बिघडू शकतात. मराठी मजकुराच्या जागी विचित्र अक्षरं येतात आणि `Post ID` चे शेवटचे अंक शून्य होतात, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच संख्या नीट जपतं आणि हा क्रमांक त्याहून लांब असतो. गूगल शीटमध्ये आयात केल्यावर मराठी मजकूर सहसा ठीक येतो. पोस्टची ओळख म्हणून मात्र `Post ID` ऐवजी `Permalink` वापरा. तो मजकूर असल्यामुळे बिघडत नाही, आणि त्यावर टिचकी मारून पोस्ट उघडताही येते.

रकाने या क्रमाने ठेवा, पुढची सूत्रं याच क्रमावर लिहिली आहेत:

A दुवा, B तारीख, C प्रकार, D विषय, E रीच, F लाइक, G कमेंट, H सेव्ह, I शेअर, J फॉलो, K खूण, L लागलेले तास.

प्रकार `Post type` मधून मिळतो. `IG reel`, `IG carousel`, `IG image` यांच्या जागी रील, कॅरोसेल, फोटो असं लिहा. हा बदल "शोधा आणि बदला" वापरून करा, हाताने टाइप करू नका. मी एकदा दोन ओळींत "रील" नंतर एक मोकळी जागा सोडली होती. सूत्राने त्या दोन्ही ओळी गुपचूप वगळल्या आणि मला ते दोन महिने कळलं नाही.

`Views` नावाचा रकाना येईल, तो ठेवा, पण भागाकारात वापरू नका. एकाच माणसाने रील तीनदा पाहिली तर व्ह्यूज तीन होतात, रीच एकच राहतो. शिवाय इन्स्टाग्रामने व्ह्यूज हे सर्व प्रकारांसाठी मुख्य माप म्हणून ऑगस्ट 2024 पासून आणलं. त्याआधीच्या अहवालातले "इम्प्रेशन्स" किंवा "प्लेज" याच रकान्यात घालून वर्षाची तुलना काढली तर ती तुलना दोन वेगळ्या मापांची होते.

## 4. तीन रकाने हाताने भरा

हे तीन रकाने इन्स्टाग्राम देत नाही, आणि अहवालाचं निम्मं मोल त्यांच्यात आहे.

विषय. पाच-सहा ठरलेल्या शब्दांतलाच एक निवडा. आमचे शब्द असे: कृती, माहिती, विक्री, अभिप्राय, सण, पडद्यामागे. दर महिन्याला नवा शब्द घुसवला तर चार महिन्यांनी प्रत्येक शब्दाखाली एकेक पोस्ट उरते.

खूण. पैसे देऊन पुढे ढकललेल्या पोस्टला "जाहिरात", दुसऱ्या खात्याबरोबर कोलॅब केलेल्या पोस्टला "कोलॅब" लिहा. बाकीच्यांचा हा रकाना मोकळा राहू द्या. अशा पोस्ट अहवालात दिसतील, पण प्रकाराच्या गणितात धरायच्या नाहीत. जाहिरातीचा रीच विकत घेतलेला असतो आणि कोलॅबचा दुसऱ्याच्या खात्यावरून आलेला. जूनमध्ये आमच्या 22 पोस्टपैकी एक रील जाहिरातीची होती आणि एक कॅरोसेल कोलॅबचं. मोजायला 20 उरल्या: 7 रील्स, 5 कॅरोसेल, 8 फोटो.

लागलेले तास. अंदाजाने लिहा, पण लिहाच. चित्रीकरण, कापाकापी, मजकूर, सगळं धरून. मावशीची रील साधारण पाच तास खाते (मिरच्या भाजतानाची एक रील तर दोन वेळा चित्रित करावी लागली, धुरात काही दिसेना), कॅरोसेल दोन तास, फोटो अर्धा तास. याचा उपयोग सातव्या टप्प्यात होतो.

तपासा: प्रत्येक ओळीत प्रकार, विषय आणि तास भरलेत का? पोस्टची संख्या प्रोफाइलवर मोजलेल्या संख्येएवढी आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा वेळेच्या फरकामुळे महिन्याच्या टोकाची पोस्ट गळालेली असते.

## 5. प्रत्येक आकडा रीचने भागा

310 लाइक्स म्हणजे खूप की थोडे, हे किती जणांनी पोस्ट पाहिली त्यावर ठरतं. म्हणून "दर हजारी" काढायचं: पोस्ट पोचलेल्या हजार खात्यांपैकी किती जणांनी ती कृती केली. टक्क्यांपेक्षा हे माप वाचायला सोपं जातं, कारण छोट्या खात्यांवर सेव्ह आणि शेअर बरेचदा एका टक्क्याच्या आत असतात आणि 0.4 टक्के कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. हजारांत चार जण मात्र उभे राहतात.

M रकान्यात दर हजारी सेव्ह:

```
=IF(E2>0, H2/E2*1000, "")
```

याच धर्तीवर N मध्ये शेअर (`I2`) आणि O मध्ये लाइक (`F2`). आमच्या पाच कॅरोसेलचं असं झालं:

| कॅरोसेल | रीच | सेव्ह | शेअर | दर हजारी सेव्ह | दर हजारी शेअर |
|---|---|---|---|---|---|
| पावसाळ्यात मसाला साठवण | 1,400 | 91 | 63 | 65 | 45 |
| ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी: कुठली मिरची कशाला | 1,200 | 48 | 30 | 40 | 25 |
| तांबडा रस्सा, कृती | 1,500 | 51 | 36 | 34 | 24 |
| नवी पाकिटं आणि दर | 900 | 9 | 4 | 10 | 4.4 |
| गिऱ्हाइकांचे अभिप्राय | 800 | 2 | 2 | 2.5 | 2.5 |

जपून: लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर यांची बेरीज करून "एंगेजमेंट रेट" नावाचा एकच आकडा काढू नका. त्या बेरजेत लाइक्स नेहमी सगळ्यांना गिळतात आणि आपण पुन्हा लाइक्सच्याच यादीवर येऊन उभे राहतो.

## 6. सरासरी नको, मध्यक घ्या

जूनच्या सात रील्सचा रीच असा होता: 2,600, 3,100, 3,800, 4,200, 4,900, 5,400 आणि 61,000. सरासरी काढली तर 12,143 येते. सातपैकी सहा रील्स या सरासरीच्या निम्म्यालाही पोचलेल्या नाहीत. जिचा रीच 61,000 आहे, ती एकच रील अख्ख्या महिन्याचं चित्र ओढून नेते. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला अगदी मधला आकडा, 4,200 आहे. पुढच्या महिन्यात रील टाकली तर साधारण किती अपेक्षा धरायची, हे हा आकडा सांगतो.

शीटमध्ये प्रत्येक प्रकारासाठी, खूण नसलेल्या पोस्टपुरता मध्यक काढा:

```
=MEDIAN(FILTER(M2:M, C2:C="रील", K2:K=""))
```

आणि शेजारी पोस्टची संख्या:

```
=COUNTIFS(C2:C, "रील", K2:K, "")
```

संख्येचा हा रकाना अहवालातून कधीही काढू नका. पाचपेक्षा कमी पोस्ट असलेल्या प्रकारावर त्या महिन्यात निर्णय घ्यायचा नाही, मागच्या तीन महिन्यांच्या पोस्ट एकत्र करून बघायचं. "कॅरोसेल दुप्पट चालले" या वाक्यामागे फक्त दोन कॅरोसेल आहेत हे वाचणाऱ्याला दिसलं, तर तो सावध राहतो.

तपासा: तिन्ही प्रकारांच्या संख्यांची बेरीज मोजलेल्या पोस्टएवढी (आमच्याकडे 20) येते का? कमी आली तर कुठेतरी मोकळी जागा किंवा चुकीचं लिहिलेलं नाव आहे.

## 7. तक्ता वाचा, घाईने निकाल देऊ नका

जूनचा तक्ता असा तयार झाला:

| प्रकार | पोस्ट | रीच | दर हजारी लाइक | दर हजारी सेव्ह | दर हजारी शेअर |
|---|---|---|---|---|---|
| रील | 7 | 4,200 | 29 | 4 | 9 |
| कॅरोसेल | 5 | 1,200 | 58 | 34 | 24 |
| फोटो | 8 | 1,100 | 92 | 2 | 3 |

(संख्या सोडून सगळे मध्यक.)

पहिल्या नजरेला वाटतं, कॅरोसेल जिंकलं, रील्स बंद करा. इथे थांबा. अहवाल बांधणारे बरेच जण इतकं सगळं नीट करून नेमके या वळणावर घसरतात. तीन गोष्टी या क्रमाने तपासा.

भागाकाराखालची माणसं कोण आहेत? आमच्या रील्स पाहणाऱ्यांत दहातले सात जण फॉलो न करणारे असतात, फोटो मात्र बहुतेक ओळखीचेच बघतात. हे प्रमाण इन्स्टाग्रामवर त्या पोस्टच्या इनसाइट्समध्ये दिसतं. अनोळखी माणूस बोटाने सरकवता सरकवता रील पाहून पुढे जातो, तो सेव्ह कमी करणारच. म्हणून रीलचा दर हजारी चारचा आकडा कॅरोसेलच्या चौतीसच्या शेजारी ठेवून "रील वाईट" म्हणता येत नाही. रीलची खरी तुलना मागच्या महिन्यातल्या रील्सशी, कॅरोसेलची कॅरोसेलशी. आडवं वाचायचं ते कोण कुठलं काम करतो हे कळण्यापुरतं. चांगलं-वाईट ठरवायला उभं, महिन्यामागून महिना, वाचा.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलं होतं की पोस्ट कोणापुढे न्यायची हे ठरवताना पाहण्यात गेलेला वेळ, रीचमागे लाइक आणि रीचमागे पाठवणं या तीन गोष्टींना जास्त वजन असतं, आणि त्यात लाइक ओळखीच्यांपर्यंत पोचायला तर पाठवणं अनोळखींपर्यंत पोचायला अधिक उपयोगी पडतं. म्हणून नवी गिऱ्हाइकं हवी असतील तर रीलच्या रांगेत लाइकपेक्षा दर हजारी शेअरकडे आधी बघा.

एका पोस्टमागे, आणि एका तासामागे, हाती काय लागलं? दर हजारीत कॅरोसेल पुढे असलं तरी रीलचा रीच साडेतीनपट आहे. एका रीलला मिळालेल्या शेअरचा मध्यक 38, एका कॅरोसेलला 30. म्हणजे पोस्टमागे रीलच पुढे. आता तासांनी भागा: रीलचे 38 भागिले 5, तासाला साडेसातच्या आसपास. कॅरोसेलचे 30 भागिले 2, तासाला 15. एकच शेअरचा आकडा, पण तीन तऱ्हांनी पाहिला की उत्तरं वेगळी येतात. मावशीकडे माणूसबळ भरपूर असतं तर मी रील्स वाढवायला सांगितलं असतं. ती एकटी आहे, पाकिटं भरून झाल्यावर रात्री हे काम करते. तिच्यासाठी तासाचा आकडा खरा.

प्रकारामुळे झालं की विषयामुळे? पाचव्या टप्प्यातला कॅरोसेलचा तक्ता पुन्हा बघा. माहिती आणि कृती सांगणाऱ्या तीन कॅरोसेलचे सेव्ह 65, 40, 34. दर आणि अभिप्राय सांगणाऱ्या दोघांचे 10 आणि 2.5. प्रकार तोच, चित्रांची मांडणीही तशीच. म्हणजे "कॅरोसेल चालतं" हे वाक्य अर्धवट आहे. खरं वाक्य असं: स्वयंपाकघरात पुन्हा लागेल अशी माहिती कॅरोसेलमधून दिली की लोक ती ठेवून घेतात. विषयाचा रकाना नसता तर आम्ही जुलैत दरपत्रकाची सहा कॅरोसेल केली असती.

हाच प्रश्न 61,000 च्या रीललाही विचारला. ती मिक्सरमधून मसाल्याचा लोट उडाल्याची गमतीची रील होती. तिने 40 फॉलो आणले, म्हणजे दर हजारी एकाहूनही कमी. बाकीच्या रील्सचा फॉलोचा मध्यक दर हजारी दोनच्या थोडा वर आहे. लोकांनी ती पाहिली, हसले, पण मसाल्याशी त्यांचं नातं जुळलं नाही. अशी रील पुन्हा करू नये असं नाही, पण तिच्यावर महिन्याचं नियोजन उभं करू नये.

जपून: रील्सचा आपापसात हिशेब करताना सरासरी पाहण्याचा वेळही बघा, आणि तो रीलच्या लांबीशेजारी लिहा. 12 सेकंदांच्या रीलवर 8 सेकंद आणि 60 सेकंदांच्या रीलवर 8 सेकंद यांचे अर्थ उलटे आहेत. फोटोला हे माप लागू नाही, त्यामुळे मुख्य तक्त्यात ते आणू नका.

## 8. अहवाल एका पानात लिहा

शीट तुमच्यासाठी आहे, अहवाल निर्णय घेणाऱ्यासाठी. पहिल्या वर्षी मी मावशीला अकरा रकान्यांची शीट पाठवायचो. ती लाइक्सचा रकाना शोधायची आणि म्हणायची, "अरे, तीनशे लोकांना आवडलंय, मग तसलेच फोटो टाकूया की." तिचं काही चुकत नव्हतं. बाकीचे रकाने काय सांगतात ते मी लिहिलंच नव्हतं.

आता पानावर चारच गोष्टी असतात. सर्वांत वर सातव्या टप्प्यातला तक्ता, आणि प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात मागच्या महिन्याचा आकडा. त्याखाली प्रत्येक प्रकारासाठी एकेक वाक्य, त्या प्रकाराला दिलेलं काम झालं की नाही यावर. मग दोन पोस्ट चित्रासकट: एक अपेक्षेपेक्षा बरी, एक कमी, आणि तसं का झालं असावं. "असावं" हा शब्द मी मुद्दाम ठेवतो, कारण महिन्याभराच्या वीस पोस्टवरून कारण सिद्ध होत नाही. शेवटी पुढच्या महिन्यात करायचा एकच बदल.

एकच, कारण दोन केले तर आकडा कशामुळे हलला ते कळत नाही. आमचा जूनच्या अहवालातला बदल असा लिहिला होता: "अभिप्राय कॅरोसेलमधून काढून एकेरी फोटोत टाकायचे, एका फोटोत एकच अभिप्राय. बघायचा आकडा: दर हजारी कमेंट. किमान पाच पोस्ट झाल्यावर ठरवायचं." आठ फोटोंपैकी वरचे तीन माणसांचे होते, वस्तूंचे नव्हते, म्हणून अभिप्राय तिथे जास्त शोभतील असा अंदाज होता. हा अहवाल 14 जुलैला गेला, तोवर निम्मा जुलै सरला होता. म्हणून बदल 15 जुलैपासून धरला आणि त्याआधीच्या जुलैच्या अभिप्रायाच्या पोस्टना खुणेच्या रकान्यात नाही, विषयाच्या रकान्यात "अभिप्राय, जुना" असं लिहिलं. खूण केली असती तर त्या गणितातूनच बाहेर पडल्या असत्या.

पाठवण्याआधी शेवटचं तपासून घ्या: पानावरचा प्रत्येक आकडा शीटमधल्या चालू सूत्रातून आलाय की हाताने लिहिलाय? हाताने लिहिलेला आकडा मागच्या महिन्याचा राहून जाण्याची शक्यता असते. अहवाल गेला की त्या महिन्याच्या शीटची एक प्रत काढून तिला "2025-06" असं नाव द्या आणि ती पुन्हा उघडून ताज्या आकड्यांनी भरू नका. त्या रील्सचा रीच अजून वाढत असेल, पण पुढच्या महिन्यांशी तुलना करायला त्यांचा 8 ते 14 दिवसांचा आकडाच लागणार आहे.